सगळे रडले, मग नंबर का नाही?

निकाल लागला, नारळ-शाली झाल्या, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली आणि तो मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केजकडच्या गावचा, बारावीतला असावा. गाण्याच्या कागदाला घामानं चार घड्या पडलेल्या. म्हणाला, "मॅडम, माझ्या गाण्याला सगळे रडले की. मंग नंबर कामून नाही आला?" आवाजात भांडण नव्हतं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी उभ्या उभ्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्यानं मान हलवली आणि शेवटची एसटी गाठायला अंबाजोगाईच्या स्टँडकडे पळाला. प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला. कारण लोक रडले होते हे खरंच होतं. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्याला पदर लावला होता. माझाही घसा दाटला होता. आणि तरीही त्या गाण्याला बक्षीस न देण्याच्या निर्णयावर माझी सही होती.

स्पर्धा गीतलेखनाची होती, गायनाची नव्हे. हा फरक कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्ष सभागृहात पेटीचा सूर लागला, की तो टिकवणं फार अवघड जातं. परीक्षक आम्ही तिघं. एक निवृत्त मराठीचे गुरुजी, ज्यांनी दोन पिढ्यांना वृत्तं शिकवली. दुसरे अण्णा, भजनी मंडळात आणि जयंतीच्या गायन पार्टीत सारख्याच हातानं पेटी धरणारे. तिसरी मी. गुणपत्रिकेत चार रकाने होते: नावीन्य, सुसंगती, गेयता आणि भावनेचा खरेपणा. प्रत्येकाला पंचवीस गुण, एकूण शंभर. चाळीसच्या आसपास गाणी आली होती. ज्याला गाता येतं त्यानं गाऊन दाखवायचं, नाहीतर नुसतं वाचायचं, अशी आयोजकांनी मुभा दिली होती. पुढचा सगळा गुंता या मुभेनंच केला.

त्या मुलाचं गाणं बापावर होतं. मुखडा असा:

काळ्या आईच्या कुशीत, बाप घामानं भिजला
कर्जापायी माझा बाप, झाडाखाली तो निजला

त्यानं ते स्वतः गायलं, आवाज गोड, वरच्या पट्टीत मोकळा. दुसरं गाणं धारूर तालुक्यातल्या एका मुलीचं होतं. आईवडील ऊसतोडीला जाणारे, दिवाळी झाली की टोळीबरोबर कोयता निघतो आणि घरी आजी उरते. (आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बीडकडच्या वाचकाला सांगायला नको.) तिला गाता येत नव्हतं. कागदात बघून, घाईघाईनं, जवळजवळ पुटपुटत तिनं वाचलं:

आई गेली फडावर, किल्ली ठेवली कोनाडी
आजी पाचाच्या हिशेबी, रोज भरते दुरडी

टाळ्या बेताच्या पडल्या. मला मात्र त्या दुरडीनं धरून ठेवलं. घरात खाणारी तोंडं दोन, आणि म्हातारीचा हात अजून पाच जणांच्या भाकरी थापतोय. संपूर्ण गाण्यात कुणी रडत नाही, आठवण हा शब्दही कुठं येत नाही.

आता बेरीज सांगते. बापाच्या गाण्याला गुरुजींनी ६८ दिले, मी ६१, अण्णांनी ८६. मुलीच्या गाण्याला गुरुजींनी ७१, मी ७४, अण्णांनी ५८. म्हणजे तिघांपैकी दोघांच्या मते मुलीचं गाणं सरस होतं. पण बेरीज केली तर बापाचं गाणं २१५ आणि मुलीचं २०३. बारा गुणांनी बापाचं गाणं पुढं. यात कुणी लबाडी केलेली नव्हती. गुरुजींचा हात असा, की चाळीसही गाण्यांना ते साठ ते पंचाहत्तरच्या आतच गुण देतात. आयुष्यभर पेपर तपासलेल्या माणसाचा हात तसाच असतो. अण्णा मात्र आवडलं तर नव्वदीला भिडतात आणि नाही आवडलं तर चाळिशीत सोडून देतात. अशा दोघांचे गुण सरळ मिळवले, तर ज्याच्या गुणांत चढउतार जास्त त्याचंच मत निकाल ठरवतं, आणि मोजून-मापून देणाऱ्याचं मत असून नसल्यासारखं होतं. बेरीज बरोबर असूनही निकाल तिघांचा राहत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याचा त्याचा क्रम लावायचा, पहिलं, दुसरं, तिसरं असा, आणि मग ते क्रम जुळवायचे. आम्ही तसं करून पाहिलं आणि मुलीचं गाणं वर आलं. पण मला तेवढ्यानं समाधान वाटेना, कारण क्रमानं गणित सुटतं, अण्णांनी ५८ का दिले ते कळत नाही. अण्णांचा कान तर आमच्या तिघांत सगळ्यात पक्का. म्हणून एकूण सोडून त्यांचे रकाने बघितले. बापाच्या गाण्याला नावीन्य २२, सुसंगती २०, गेयता २३, भाव २१. मुलीच्या गाण्याला १६, १५, १२, १५. एका गाण्याचे चारही आकडे वर आणि दुसऱ्याचे चारही खाली. चार वेगळ्या गोष्टी मोजल्या असत्या तर असं सहसा होत नाही. एखादं गाणं गायला सुरेख पण कल्पनेनं शिळं असतं, एखादं नवं पण विस्कळीत. चारही रकाने हातात हात घालून चढत-उतरत असतील तर समजावं, की परीक्षकानं एकच गोष्ट मोजली आणि ती चार ठिकाणी लिहिली. अण्णांनी आधी गाणं ऐकलं, ते मनात भरलं, आणि त्या भरलेल्या मनानं चारही घरं भरली.

मग आम्ही चहा मागवला आणि शेवटच्या दहा गाण्यांचं पुन्हा एकदा, वेगळ्या पद्धतीनं बघायचं ठरवलं. नावं झाकली. गाणं-गाणं न तपासता रकाना-रकाना तपासायचा: आधी दहाही गाण्यांची फक्त गेयता, मग कागद खालीवर करून दहाहींची फक्त सुसंगती, असं. पंचवीसच्या जागी शून्य ते पाच. सतरा आणि अठरा यांतला फरक कुणालाच सांगता येत नाही, पण तीन आणि चार यांतला सांगता येतो. आणि रकाना पूर्ण होईपर्यंत आपसात बोलायचं नाही.

गेयतेपासून सुरुवात केली, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथंच होता. गेयता म्हणजे चाल नव्हे, आवाजही नव्हे. शब्द ठेक्यावर कसे बसतात, श्वास कुठं घ्यायला मिळतो, लांबवायच्या जागी तोंड उघडं राहतं की मिटतं, एवढंच बघायचं. म्हणून अण्णांनी मांडीवर केरवा धरला, आठ मात्रांचा, सगळ्यांसाठी एकाच लयीत, आणि दहाही गाणी चाल न लावता त्या ठेक्यावर स्वतः म्हटली. मुलाचा आवाज बाजूला झाला, मुलीचं पुटपुटणंही बाजूला झालं. उरले फक्त शब्द.

आणि लगेच एक गंमत कळली. बापाच्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्यात ही ओळ होती: "ऐन काढणीत गारपिटीनं मोडलं रान". गुरुजींनी बोटांवर अक्षरं मोजली होती. बरोबर सोळा. आठ-आठचे दोन चरण, चोख. पण ठेक्यावर म्हटलं की आठवं अक्षर कुठं पडतं बघा: "ऐन काढणीत गार", इथं चरण संपतो, ठेका पलटतो, श्वास जातो, आणि मग नव्या समेवर येतं "पिटीनं मोडलं रान". ऐकणाऱ्याला आधी काढणीच्या वेळी काहीतरी गार लागतं आणि मग कुणीतरी पिटल्यासारखं होतं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट ज्यांनी बघितली त्यांच्या अंगावर काटा यावा असा तो शब्द, आणि तो बरोबर मधोमध तुटतो. मुलानं गाताना तिथं एक हरकत घेऊन तो सांधा झाकला होता. ती गळ्याची हुशारी होती. लेखणीची नव्हे.

याच्या अगदी उलट मुलीच्या गाण्यात घडलं. तिची ओळ होती: "बापाच्या अंगठ्याखाली, उचलीचा आकडा लिहिला". मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि तिच्यापुढं उमटवलेला अंगठा. पहिला चरण आठ अक्षरांचा. दुसरा मोजला तर दहा भरतात, आणि गुरुजींनी तिथं पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती. अण्णांनी ठेक्यावर म्हटलं: उच-ली-चा-आ-क-डा-लिहि-ला. बसलं! "उच" ही दोन लघु अक्षरं एका मात्रेत विरघळली, "लिहि" ही तशीच. आठ मात्रांत ओळ आरामात मावली, उलट शेवटच्या त्या दुडक्या "लिहिला"नं मुकादमाची पेन घाईघाईनं फिरल्यासारखं वाटलं. अण्णा थांबून म्हणाले, "पुन्हा म्हणतो," आणि पुन्हा म्हटलं. लघु-गुरूचा हा हिशेब गुरुजींना आमच्यापेक्षा जास्त पाठ. त्यांनी काही न बोलता खोडरबरानं फुली पुसली. अक्षरं कागदावर मोजता येतात, पण गाण्याची लांबी कानच मोजतो, आणि ठेका धरल्याशिवाय कानाला ती कळत नाही.

तरी मुलीला गेयतेत पाच नाही मिळाले, आणि ते बरोबरच होतं. "कोनाडी", "दुरडी", मुखड्याच्या दोन्ही ओळी ईकारावर संपतात. मुखडा म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी, शेवटी लांबवायची जागा. खालच्या सुरात ई ठीक वाटते. वरच्या सुरात तीच ई बहुतेक गळे आवळते, आ किंवा ओ सारखी उघडत नाही. अण्णांचं म्हणणं, चाल लावणाऱ्याला हे गाणं खालीच ठेवावं लागेल, कवितेनं त्याचे हात बांधलेत. चार गुण. बापाच्या गाण्याचा "भिजला-निजला" मात्र आकारावर छान उघडतो, त्याचं श्रेय त्याला दिलं. तुटलेली गारपीट धरून तीन गुण.

सुसंगतीचा रकाना लोक "विषय सोडला नाही ना" एवढ्यावर निकालात काढतात. मी तीन प्रश्न विचारते: बोलतंय कोण, कुणाशी, आणि कधी? बापाच्या गाण्यात मुखड्यात मुलगा बोलतोय आणि बाप झाडाखाली कायमचा निजलाय. दुसऱ्या अंतऱ्यात कुणीतरी म्हणतं, "उठ शेतकरी राजा, नको करू चिंता". कोण उठणार? बाप तर गेला. तिसऱ्या अंतऱ्यात पाऊस येतो, मोत्याचं पीक डोलतं, आणि मुखडा परत आला की बाप पुन्हा निजतो. प्रत्येक कडवं स्वतंत्र वाचलं तर बरं आहे. पण ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर येतं, त्यामुळे दर कडव्याचा शेवटचा सांधा ध्रुवपदाशी जुळावा लागतो, आणि इथं तीनपैकी दोन जुळत नव्हते. मुलीचं गाणंही निर्दोष नव्हतं. शेवटच्या अंतऱ्यात ती एकदम सरकारला जाग यायला सांगते. कोनाड्यातली किल्ली बघणारं लेकरू तिथं नाहीसं होतं आणि सभेतला माईक येतो. बहुतेक कुणा मोठ्या माणसानं सांगितलं असावं, की शेवटी संदेश हवा. तिचे दोन गुण तिथं गेले, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं.

नावीन्यावर आमचं खरं भांडण झालं, पण ते या दोन गाण्यांवरून नव्हतं. लातूरकडच्या एका बाईंनी "पहिली माझी ओवी" असं धरून गाणं लिहिलं होतं. गुरुजी म्हणाले, हे तर जात्यावरचं, यात यांचं काय? प्रश्न रास्त होता. पण हा साचा कुणा एकाचा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी तो चालवला, ज्याच्या त्याच्या दाण्यांसाठी मोकळा ठेवला. पहिली ओवी देवाला, दुसरी माहेराला, भावाला, असं चढत जायचं. या बाईंनी पहिली ओवी हापशाला घातली होती, पुढं टँकरला, रांगेतल्या घागरीला, आणि:

पाचवी माझी ओवी ग, मिरजेच्या गाडीला

२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्या जागी बाई देवाचं नाव घेते त्या जागी पाण्याची रेल्वे ठेवायची, हे आधी कुणी केलेलं मला माहीत नाही. साचा जुना असल्यामुळंच तो धक्का बसतो. नवा साचा असता तर ऐकणाऱ्यानं देवाची वाटच पाहिली नसती. याउलट बापाच्या गाण्याचा साचा कुणाचा नव्हता, पण आतलं सामान सगळं उसनं: काळी आई, घाम, मोती, राजा. नावीन्य बघताना साच्याला हात लावू नये, साच्यात काय ओतलंय ते बघावं. अशानं ओवीला पाच मिळाले, आणि पहिलं बक्षीसही अखेर तिनंच नेलं. धारूरची मुलगी दुसरी आली.

राहिला चौथा रकाना. त्या मुलाचा प्रश्न याच रकान्याचा होता.

भावनेचा खरेपणा म्हणजे घडलेली गोष्ट नव्हे. कवीवर तसं गुदरलं असलंच पाहिजे अशी अट घातली, तर पैठणच्या नाथांची अर्धी भारुडं बाद करावी लागतील. नाथ काय जोशी होते, की वासुदेव, की गोंधळी? दुसऱ्याच्या तोंडानं बोलूनही त्यांनी खरं लिहिलं. त्यामुळे मुलाचा बाप जिवंत आहे की नाही, हे मी विचारलं नाही आणि कुणी विचारूही नये. बक्षिसासाठी पोराला स्वतःच्या घरातलं दुःख पुराव्यादाखल मांडायला लावणं मला सहन होत नाही. खरेपणा ओळीत शोधायचा. त्यासाठी मी एक करते: गाण्यातला जड शब्द बोटानं झाकते. "बाप" झाका, "कर्ज" झाका, आणि उरलेली ओळ वाचा. कुशीत भिजला, झाडाखाली निजला. हे कुणाचंही असू शकतं, यात त्या माणसाचं काहीच उरत नाही. आपण रडतो ते त्या एका शब्दापाशी. कारण मराठवाड्यात झाडाखालचा बाप ऐकला की प्रत्येकाला आपल्या गावातलं एक घर आठवतं. ते रडू खरं असतं, अगदी खरं, पण ते आपण घरून आणलेलं असतं. गाण्यानं फक्त त्याच्यावर हात ठेवला. आता "आई" झाका, "फड" झाका. तरीही एक म्हातारी पाचांच्या हिशेबानं दुरडी भरतेय. हे कुणीतरी चुलीपाशी बसून पाहिलंय, किंवा पाहिल्याइतकं मनात आणलंय. गंगाखेडच्या जनाबाईचं दळण-कांडण सातशे वर्षं टिकलं ते यामुळं, असं मला वाटतं. तिथं हाताला काम आहे आणि भाव त्या कामातच मिसळलेला आहे.

मुलाला मी हे सगळं त्या घाईत सांगू शकले नाही. एवढंच म्हणाले, तुझ्या बापाच्या हातात काय असतं ते लिही. विळा, बिडी, बँकेचं पासबुक, मोबाईल, काही का असेना. एवढं सांगून झालं तरी एक खंत राहते. तो ज्या विषयावर लिहीत होता त्या विषयाला आपण सगळेच इतक्या वेळा रडलो आहोत, की नव्यानं लिहिणाऱ्याला जागा फार थोडी उरलीय. ऊसतोडीवर लिहिणाऱ्या पोरीपेक्षा त्याची चढण जास्त होती. गुणपत्रिकेत या चढणीसाठी घर नाही, आणि ते असावं असंही मला वाटत नाही. पण ती आहे, हे परीक्षकाला ठाऊक असावं.

दुसऱ्या फेरीत अण्णांनी बापाच्या गाण्याला वीसपैकी दहा आणि मुलीच्या गाण्याला पंधरा दिले. त्यांच्यावर कुणी दबाव आणला नव्हता. रकाने पूर्ण होईतो आम्ही बोललोच नव्हतो.

कागद गोळा करताना मात्र एक वेगळीच गोष्ट सापडली. नांदेडकडच्या एका पोराचं गाणं होतं, "काय करलालीस माय" असं सुरू होणारं. अण्णांच्या आणि माझ्या सुसंगतीच्या रकान्यात त्याला चार-चार, गुरुजींच्या रकान्यात एक. गाण्यात बोलणारा एकच, काळ एकच, ध्रुवपदाशी सांधे पक्के. मी कारण विचारलं. गुरुजी म्हणाले, "भाषा अशुद्ध आहे." चार रकान्यांत भाषेच्या शुद्धतेचं घर कुठंच नव्हतं. पण मनात ते असेल तर गुण कुठून तरी कापले जातात, आणि जवळचा रकाना सापडला की तिथूनच. ठेक्यावर तर ती बोली इतकी सैल, मोकळी वाजत होती: "लाली"चा तो आकार, मग "माय"चा. गुरुजींनी बराच वेळ कागद न्याहाळला, एकचे चार केले आणि पुढच्या वर्षाच्या गुणपत्रिकेसाठी मी लिहीत असलेल्या सूचना स्वतःकडे ओढून घेतल्या. मी लिहिलं होतं, "बोलीभाषेसाठी कोणत्याही रकान्यात गुण कापू नयेत." त्यांनी खाली आपल्या टपोऱ्या अक्षरांत भर घातली, "मात्र एकाच बोलणाऱ्याची बोली कारणाशिवाय मध्येच बदलली, तर सुसंगतीत कापावेत." मी वाचलं, अण्णांनी वाचलं. दोन्ही वाक्यं तशीच ठेवली.